झाकण लावलेल्या कॅमेऱ्यात ६४ हा आकडा येतो कुठून?

प्रश्न: «इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून शिरोली एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये मशिनिंग झालेल्या कास्टिंगवरचे ओरखडे शोधायला कॅमेरा बसवतोय. लेन्सला झाकण लावून Mono12 मध्ये इमेज घेतली तर प्रत्येक पिक्सेल ० यायला हवा ना? माझ्याकडे ६२ ते ६६ च्या दरम्यान काहीतरी येतं आणि दर वेळी बदलतं. प्रकाशच नाही तर हा आकडा तयार कुठे होतो? आणि इमेज काळपट येते तेव्हा Gain वाढवू की ExposureTime?»

आधी थोडक्यात सांगतो. त्यातले ६४ सेन्सरने मुद्दाम मिळवलेले आहेत, आणि दोन-तीन आकड्यांची जी वर-खाली होते ती पिक्सेल वाचताना उरलेली चुळबुळ आहे. दोन्ही गोष्टी निरोगी सेन्सरमध्ये असतातच. पण तुमच्या प्रश्नाची खरी गाठ वेगळीच आहे. प्रकाश पडत असताना पिक्सेलमध्ये आकडा तयार होतच नसतो. एक्स्पोजरभर तिथे फक्त इलेक्ट्रॉन साठत राहतात, आणि आकडा शेवटी, वाचताना, काही मायक्रोसेकंदांत ठरतो. हे दोन टप्पे वेगळे धरले की तुमचे तिन्ही प्रश्न सुटतात.

खाली मी चार ट्रान्झिस्टरचा पिक्सेल धरून लिहितोय, कारण आज मिळणाऱ्या बहुतेक कॅमेऱ्यांत तोच किंवा त्याचाच सुधारलेला प्रकार असतो. तुमचा सेन्सर ग्लोबल शटरचा असेल तर मध्ये साठवणीची आणखी एक जागा येते. आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतले आहेत. ते प्रत्यक्षात दिसणाऱ्या आकड्यांच्या आसपासचेच आहेत, पण तुमच्या सेन्सरचे नेमके आकडे त्याच्या डेटाशीटमध्येच पाहा.

प्रकाशापासून सुरुवात करू. सिलिकॉनमध्ये अडकून बसलेला इलेक्ट्रॉन सुटा करायला साधारण १.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका फोटॉनकडे अंदाजे १.८ ते ३.१ असते, म्हणजे पुरून उरते. पण उरलेल्या ऊर्जेतून दुसरा इलेक्ट्रॉन सुटत नाही, तिची उष्णता होते. निळा फोटॉन असो की लाल, शोषला गेला तर एकच इलेक्ट्रॉन देतो. त्यामुळे साठलेल्या इलेक्ट्रॉनांकडे पाहून प्रकाशाचा रंग कळायला मार्ग नाही. रंगीत कॅमेऱ्यात त्यासाठी पिक्सेलवर फिल्टर बसवावे लागतात, तुमच्या मोनो कॅमेऱ्यात ते नाहीत.

फोटॉन किती खोलवर शोषला जातो हे मात्र रंगावर ठरतं. निळा प्रकाश अर्ध्या मायक्रॉनच्या आत संपतो, लाल तीनेक मायक्रॉन आत जातो, आणि ८५० नॅनोमीटरच्या इन्फ्रारेडला पंधरा-वीस मायक्रॉन जाडी लागते. सेन्सरचा प्रकाश टिपणारा थर तेवढा जाड नसेल तर इन्फ्रारेडचा बराच भाग इलेक्ट्रॉन न देताच निघून जातो. वर्कशॉपमधल्या उजेडाची अडचण नको म्हणून कुणी इन्फ्रारेड लाइट लावायचा सल्ला दिला, तर ही किंमत हिशेबात धरा.

सुटा झालेला इलेक्ट्रॉन तसाच सोडला तर पुन्हा कुठेतरी अडकून नाहीसा होईल. त्याला ओढून घेणारी जागा म्हणजे पिन्ड फोटोडायोड. ही रचना १९८० मध्ये जपानच्या एनईसी कंपनीत नोबुकाझू तेरानिशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीसीडी सेन्सरसाठी केली. सीमॉस पिक्सेलमध्ये ती १९९० च्या दशकात आली. यात इलेक्ट्रॉन साठवणारा एन-थर पृष्ठभागावर उघडा नसतो, पी-प्रकारच्या सिलिकॉनमध्ये पुरलेला असतो, आणि वरूनही एक पातळ, भरपूर होल असलेला पी-थर असतो. सिलिकॉन आणि ऑक्साइडच्या सीमेवर रचनेतले दोष खूप असतात. प्रकाश नसतानाही तिथून केवळ उष्णतेने इलेक्ट्रॉन सुटतात. वरच्या थरातले होल या दोषांची तोंडं बंद ठेवतात, म्हणून अंधारात गोळा होणारा चार्ज एकदम खाली येतो.

आता ज्या गोष्टीकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही ती. या पुरलेल्या एन-थराला कुठलीही धातूची तार जोडलेली नसते. तार जोडायची तर तिथे धातूचा संपर्क हवा, आणि संपर्क आला की पुन्हा दोष आले, गळती आली. म्हणजे चार्ज जिथे साठतो तिथे तो मोजता येत नाही. मोजायचा तर हलवावा लागतो. पिक्सेलची पुढची सगळी रचना या एका अडचणीतून निघाली आहे.

फोटोडायोडच्या शेजारी फ्लोटिंग डिफ्युजन नावाचा एक छोटासा कप्पा असतो, आणि दोघांच्या मध्ये ट्रान्सफर गेट. हा पहिला ट्रान्झिस्टर. दुसरा रिसेट ट्रान्झिस्टर, जो त्या कप्प्याला पुरवठ्याच्या व्होल्टेजशी जोडून रिकामा करतो. तिसरा सोर्स फॉलोअर. त्याचा गेट कप्प्याला जोडलेला असतो, त्यामुळे चार्जला हात न लावता तो कप्प्याचं व्होल्टेज बाहेर पोचवतो. चौथा रो सिलेक्ट, जो एका ओळीतले सगळे पिक्सेल आपापल्या उभ्या कॉलमच्या तारेवर आणतो.

आता तुमच्या कास्टिंगवरचा एक पिक्सेल घ्या. २० मिलिसेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये त्यावर २००० फोटॉन पडले आणि त्यांतल्या ६० टक्क्यांनी इलेक्ट्रॉन दिले. फोटोडायोडमध्ये १२०० इलेक्ट्रॉन जमले. एक्स्पोजर संपेपर्यंत पिक्सेलमध्ये याखेरीज काहीच घडलेलं नाही.

मग त्या ओळीची वाचायची पाळी येते. आधी रो सिलेक्ट चालू होतो. मग रिसेट ट्रान्झिस्टर क्षणभर चालू होऊन बंद होतो आणि कप्पा वरच्या व्होल्टेजला, समजा २.८ व्होल्टच्या आसपास, जाऊन थांबतो. या क्षणी कॉलमची सर्किट पहिलं वाचन करून ठेवते. फोटोडायोडमधले १२०० इलेक्ट्रॉन अजून जागच्या जागी आहेत, म्हणजे हे रिकाम्या कप्प्याचं वाचन झालं. त्यानंतर ट्रान्सफर गेट उघडतो. कप्प्याचं व्होल्टेज फोटोडायोडपेक्षा जास्त असल्यामुळे सगळे इलेक्ट्रॉन तिकडे ओढले जातात आणि फोटोडायोड पूर्ण रिकामा होतो. गेट बंद होतो आणि दुसरं वाचन होतं. पिक्सेलचा सिग्नल म्हणजे या दोन वाचनांतला फरक.

हा फरक किती येतो पाहा. कप्प्याची कपॅसिटन्स १.६ फेम्टोफॅरड धरली तर एक इलेक्ट्रॉन आला की व्होल्टेज १०० मायक्रोव्होल्टनी खाली येतं. इलेक्ट्रॉन ऋण असल्यामुळे जास्त प्रकाश म्हणजे कमी व्होल्टेज. १२०० इलेक्ट्रॉनांनी ते १२० मिलिव्होल्टनी उतरतं. सोर्स फॉलोअर त्यातलं साधारण ८५ टक्के पुढे पोचवतो, म्हणजे कॉलमवर १०२ मिलिव्होल्टचा फरक दिसतो. १०,००० इलेक्ट्रॉनांपर्यंतची मजल १२ बिटांच्या ४०९६ पायऱ्यांत बसवली असेल तर एक पायरी साधारण २.४४ इलेक्ट्रॉनांची होते. आपले १२०० म्हणजे ४९२ पायऱ्या, त्यात आधीचे ६४ मिळवले की स्क्रीनवर ५५६ दिसतो.

दोनदा वाचायचा खटाटोप कशाला, हे समजलं की सगळं समजलं. रिसेट ट्रान्झिस्टर बंद होतो तेव्हा कप्पा दर वेळी अगदी त्याच व्होल्टेजला थांबत नाही. उष्णतेमुळे इलेक्ट्रॉनांची सतत हालचाल चालू असते आणि ट्रान्झिस्टर बंद होण्याच्या नेमक्या क्षणी जी स्थिती असेल ती कप्प्यात कोंडली जाते. १.६ फेम्टोफॅरडच्या कप्प्यासाठी खोलीच्या तापमानाला ही अनिश्चितता साधारण १६ इलेक्ट्रॉनांची येते, म्हणजे तुमच्या स्क्रीनवर सहा-सात आकड्यांची. याशिवाय प्रत्येक पिक्सेलचा सोर्स फॉलोअर शेजाऱ्यापेक्षा काही मिलिव्होल्टनी वेगळा असतो, आणि ५ मिलिव्होल्ट म्हणजेच २४ आकडे. नुसतं दुसरं वाचन घेतलं असतं तर झाकण लावलेल्या इमेजमध्ये वाळू पसरल्यासारखं दिसलं असतं.

गुळाच्या बाजारात भांड्यासकट वजन करायचं तर आधी रिकाम्या भांड्याचा धडा करतात, तसंच हे. फरक एवढाच की इथे रिकाम्या भांड्याचं वजन दर वेळी बदलतं, म्हणून आदल्या फ्रेमचा धडा या फ्रेमला चालत नाही. प्रत्येक पिक्सेलचा, प्रत्येक फ्रेममध्ये, त्याच रिसेटनंतरचा धडा लागतो. पहिल्या आणि दुसऱ्या वाचनाच्या मध्ये कप्पा पुन्हा रिसेट झाला नाही तरच कोंडलेली चूक दोन्हीकडे सारखी राहते आणि वजाबाकीत जाते. यालाच कोरिलेटेड डबल सॅम्पलिंग म्हणतात.

तीन ट्रान्झिस्टरच्या जुन्या पिक्सेलला हे साधत नव्हतं. तिथे ट्रान्सफर गेट नाही, फोटोडायोड हाच मोजायचा कप्पा. रिसेट होतो एक्स्पोजरच्या सुरुवातीला आणि सिग्नल मिळतो शेवटी. खरा धडा घ्यायचा तर सगळी रिसेट फ्रेम मेमरीत धरून ठेवावी लागते. चौथ्या ट्रान्झिस्टरने साठवण आणि मोजणी वेगळी केली आणि दोन वाचनं काही मायक्रोसेकंदांच्या अंतरावर आली. माझ्या मते या पिक्सेलमधली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे.

आता तुमचे ६४. वजाबाकी कितीही नीट झाली तरी थोडी चुळबुळ उरतेच, आणि ती शून्याच्या दोन्ही बाजूंना असते. अंधारातल्या पिक्सेलचा खरा आकडा कधी +२ येईल, कधी −२. आउटपुटला ऋण आकडे नसतात. सगळे ऋण आकडे शून्यावर चेपले गेले तर सरासरी खोटी होते आणि अंधाऱ्या भागातला बारीक फरक हरवतो. म्हणून सगळ्या आकड्यांत एक ठरावीक रक्कम मिळवतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ती BlackLevel नावाने दिसेल. कडेला धातूने झाकलेल्या काही ओळी किंवा कॉलम असतात, त्यांच्याकडे पाहून बरेच सेन्सर ही पातळी आपोआप जागेवर ठेवतात. प्रकाशाचा हिशेब करताना हे ६४ वजा करा, पण BlackLevel शून्यावर नेऊ नका.

उरलेली चुळबुळ मुख्यतः सोर्स फॉलोअरची असते. तीन इलेक्ट्रॉन धरले तर ती १.२ आकड्यांची होते, आणि बहुतेक आकडे ६२ ते ६६ मध्ये पडतात. तुम्हाला दिसतंय ते अगदी हेच. धडा घेतला जात नसता तर पसारा पाच-सहा पट मोठा असता.

इथे एक गंमत स्वतः पाहण्यासारखी आहे. झाकण लावून शंभरेक फ्रेम घ्या आणि सर्वांत जास्त हलणारे पाच-दहा पिक्सेल शोधून त्यांचे आकडे क्रमाने लिहून काढा. एखादा पिक्सेल असा सापडेल: ६४, ६५, ७१, ६४, ६३, ५७, ६४, ७०, ६४. म्हणजे तो ६४, ७१ आणि ५७ अशा तीनच जागांभोवती उड्या मारतोय. त्याच्या सोर्स फॉलोअरच्या ऑक्साइडमध्ये एक सापळा आहे, ज्यात एक इलेक्ट्रॉन कधी अडकतो, कधी सुटतो. दोन्ही वाचनांच्या वेळी सापळा एकाच स्थितीत असेल तर वजाबाकीत काही उरत नाही आणि ६४ येतो. मधल्या वेळात इलेक्ट्रॉन अडकला तर आकडा एका बाजूला जातो, सुटला तर दुसऱ्या बाजूला. तुम्ही एका इलेक्ट्रॉनची ये-जा घरी बसून पाहताय. पण ओरखडे शोधणाऱ्या प्रोग्रॅमला असा पिक्सेल खोटा ठिपका वाटू शकतो, तेव्हा त्यांची यादी करून शेजारच्या पिक्सेलच्या सरासरीने ते भरून काढा.

वर मी २.४४ इलेक्ट्रॉनांची पायरी धरली. तुमच्या कॅमेऱ्याची पायरी किती हे तुम्ही स्वतः मोजू शकता. फोटॉन ठरावीक अंतराने येत नाहीत, त्यामुळे सरासरी १२०० इलेक्ट्रॉन येणार असतील तर दर वेळी त्यात १२०० च्या वर्गमुळाएवढा, म्हणजे सुमारे ३५ चा, फरक पडतो. हा निसर्गाचा नियम असल्यामुळे सरासरी आणि विचलन यांच्या नात्यातून पायरी निघते. लेन्स काढा, सेन्सरसमोर ट्रेसिंग पेपर धरून बॅटरीवर चालणारा एलईडी लावा, आकडे कमाल मर्यादेच्या निम्म्याच्या आत ठेवा आणि काहीही न हलवता लागोपाठ दोन फ्रेम घ्या. Gamma आणि ऑटो गेन बंद हवेत. मधला २०० बाय २०० चा तुकडा पुरतो.

```python
a = f1[400:600, 400:600].astype(float)
b = f2[400:600, 400:600].astype(float)
m = (a.mean() + b.mean()) / 2 - 64
v = (a - b).var() / 2
print(m / v)
```

दोन फ्रेमची वजाबाकी केल्यामुळे प्रकाशाचा असमानपणा आणि पिक्सेल-पिक्सेलमधला कायमचा फरक निघून जातो. वजाबाकीत विचलनाचा वर्ग दुप्पट होतो म्हणून दोनने भागलं. आपल्या उदाहरणात m ४९२ आणि v साधारण २०३ येईल, भागाकार २.४ च्या आसपास. तुमचं उत्तर म्हणजे एका आकड्यामागे किती इलेक्ट्रॉन. वर्कशॉपमधल्या मेन्सवरच्या दिव्यात हे करू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. सेन्सर ओळीमागून ओळ वाचणारा असेल तर इमेजवर आडवे पट्टे येतात, आणि ते दोन फ्रेममध्ये वेगवेगळ्या जागी पडल्यामुळे v फुगतो.

झाकणाच्या इमेजमध्ये एकच गोष्ट काळजीची असते, ती म्हणजे उष्णतेने जमणारे इलेक्ट्रॉन. आमच्या भागातल्या एका फाउंड्रीत भट्टीपासून जवळ बसवलेल्या कॅमेऱ्याची तक्रार आली होती की सकाळी इमेज स्वच्छ असते आणि दुपारी पांढरे ठिपके येतात. अंधारातली सरासरी दोन्ही वेळा सारखीच होती, कारण झाकलेल्या ओळी बघून सेन्सर पातळी आपोआप ओढून घेत होता. बदलला होता तो पसारा. अंधारातला चार्ज साधारण दर ६ ते ८ अंशांना दुप्पट होतो. समजा २५ अंशांना तो पिक्सेलमागे सेकंदाला १० इलेक्ट्रॉन आहे. सेन्सर २८ अंशांनी तापला तर १६० होतो. २ सेकंदांचं एक्स्पोजर असेल तर ३२० इलेक्ट्रॉन जमतात, आणि त्यांची स्वतःची चुळबुळ १८ इलेक्ट्रॉनांची. सरासरी वजा करता येते, ही चुळबुळ वजा होत नाही. तिथे धडा कामाचा नाही, कारण हा चार्ज फोटोडायोडमध्ये प्रकाशाच्या चार्जमध्येच मिसळलेला असतो. तुमच्या २० मिलिसेकंदांत मात्र त्या तापमानालाही तीनच इलेक्ट्रॉन जमतील, म्हणून चिंता नको. त्या कॅमेऱ्याला जाड ॲल्युमिनियमची प्लेट लावली, लाइट वाढवून एक्स्पोजर कमी केलं आणि ठिपके गेले.

आता Gain की ExposureTime. गेन लागतो तो चार्ज कप्प्यात येऊन व्होल्टेज झाल्यानंतर. त्याने इमेज उजळ दिसते, पण फोटोडायोडमधले १२०० चे १२०१ होत नाहीत. सिग्नल आणि त्याच्यातली ३५ इलेक्ट्रॉनांची चुळबुळ दोन्ही सारख्याच वाढतात आणि गुणोत्तर ३५ च्या आसपासच राहतं. एक्स्पोजर चौपट केलं तर ४८०० इलेक्ट्रॉन येतात, चुळबुळ ६९, आणि गुणोत्तरही ६९. गेनचा खरा उपयोग अगदी अंधाऱ्या इमेजमध्ये होतो, जिथे पिक्सेलनंतरच्या सर्किटची आणि पायरीच्या आकाराची चूक जड जाते. उलट गेन वाढवला की १०,००० इलेक्ट्रॉन भरायच्या आतच आकडे ४०९५ ला टेकतात, आणि चकाकणाऱ्या मशिन केलेल्या पृष्ठभागावर हे फार लवकर होतं.

पण एक्स्पोजर किती वाढवता येईल हे तुमचा जॉब हलतो का यावर आहे, आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. कन्व्हेयर सेकंदाला ५० मिलिमीटर सरकत असेल तर २० मिलिसेकंदांत जॉब १ मिलिमीटर पुढे जातो आणि ०.१ मिलिमीटरचा ओरखडा पुसला जातो. तो पकडायला एक्स्पोजर २ मिलिसेकंदांवर आणावं लागेल, म्हणजे तेवढेच इलेक्ट्रॉन हवे असतील तर प्रकाश दसपट. जॉब फिक्स्चरवर थांबत असेल तर एक्स्पोजर बिनधास्त वाढवा. हलत असेल तर पैसे चांगल्या स्ट्रोब लाइटवर घाला आणि सेन्सर ग्लोबल शटरचा आहे का ते आधी तपासा, कारण ओळी एकामागून एक वाचणाऱ्या सेन्सरमध्ये हलता जॉब तिरका येतो. गेन शून्यावर ठेवूनच सुरुवात करा.